कावळा खाली येईना: एका कथेच्या इंग्रजी भाषांतराची हकिगत

कथा मराठीत साधारण २,६०० शब्दांची. सातारा जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं गाव, एक म्हातारी वारलेली, तिचा दहावा. घाटावर पिंड ठेवलेत, कावळे समोरच्या बाभळीवर बसलेत आणि एकही खाली येत नाही. थोरला मुलगा शब्द देतो, धाकटा देतो, जाणती माणसं आठवून आठवून सांगतात, काही होत नाही. शेवटी सून पायऱ्या उतरते, पदराची गाठ सोडून चिमूटभर काहीतरी पिंडाशेजारी ठेवते. कावळा येतो. कथा संपते.

लिहिणाऱ्या बाई त्याच भागातल्या, निवृत्त शिक्षिका. मी त्यांना ताई म्हणते. एका इंग्रजी त्रैमासिकासाठी भाषांतर करायचं होतं आणि त्याचे वाचक बहुतेक भारताबाहेरचे. तीन खर्डे झाले, त्यात साडेतीन महिने गेले. कथेची भाषा मुळीच अवघड नव्हती. मी अडले ती कथेत न लिहिलेल्या गोष्टींपाशी.

कावळ्याने पिंडाला का शिवायचं असतं, हे अख्ख्या कथेत कुठेही सांगितलेलं नाही. सांगायची गरजच नाही. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलाय, तो कशात ते काठावरच्यांनी ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा, हे आपल्याकडे घाटावर कधी न गेलेल्यालाही ऐकून ठाऊक असतं. त्यामुळे पहिल्याच वाक्यात ताण तयार होतो: ‘दहाव्याला अकरा वाजून गेले तरी कावळा शिवंना.’ सात शब्द, आणि मराठी वाचक उन्हात ताटकळत उभा.

माझ्या पहिल्या खर्ड्यात या सात शब्दांची इंग्रजी सत्तेचाळीस झाली. मृत्यूनंतरचा दहावा दिवस, भाताचा गोळा, पितर, कावळा आणि अतृप्त इच्छा, सगळं पहिल्याच परिच्छेदात भरलं. शिवाय अकरा तळटिपा. मला तेव्हा वाटत होतं, परक्या वाचकाशी आपण सभ्यपणे वागतोय. ताईंना फोनवर वाचून दाखवलं, तर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, हे तर शाळेच्या सहलीत गाइड सांगतो तसं झालं.’ बरोबर होतं. पण त्याहून मोठी खोट अशी होती की मी कथेचा शेवट पहिल्या परिच्छेदातच फोडला होता. इच्छा पुरी झाली की कावळा शिवतो, हे आधीच सांगून टाकल्यावर उरतं ते फक्त कोडं: कुठली इच्छा? मूळ कथा कोड्याची नाही. ती त्या घरातल्या माणसांची आहे, म्हातारीला कोण किती ओळखत होतं याची.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. तळटिपा काढल्या, समजावणं काढलं, वाक्यं मुळाइतकीच कोरडी ठेवली. हा दुसरा खर्डा आयर्लंडमधल्या एका ओळखीच्या बाईंना पाठवला. त्या भरपूर वाचतात आणि भारतात कधी आलेल्या नाहीत. मी त्यांना एकच काम सांगितलं: प्रत्येक पानाखाली आत्ता काय चाललंय आणि पुढे काय होईल असं वाटतं, ते दोन ओळींत लिहा. आवडलं की नाही ते विचारलंच नाही. भाषांतर तपासून घ्यायची ही रीत मला फार उपयोगाची वाटते. ‘कसं वाटलं’ म्हणून विचारलं की लोक भलं बोलतात. पुढे काय होईल ते लिहायला लावलं की कुठे घसरले ते दिसतं.

त्या पहिल्याच पानावर घसरल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं: हे कुटुंब नदीकाठी जेवायला बसणार आहे आणि कावळे अन्न पळवतील म्हणून सगळे धास्तावलेत. तिसऱ्या पानाखाली: कावळे निघून जायची सगळे वाट पाहत आहेत. आणि शेवटी, कावळा पिंडावर बसतो त्या वाक्याखाली: अरेरे, या घरावर आणखी काहीतरी संकट येणार.

म्हणजे शेवट अगदी उलटा वाचला गेला होता. जिथे सुटका आहे तिथे त्यांना अपशकुन दिसला. त्यांची चूक म्हणता येणार नाही. त्यांच्याकडच्या जुन्या दंतकथांत कावळा रणभूमीवर मरणाची खूण म्हणून उतरतो. शेतात बुजगावणं उभं करतात त्याचं इंग्रजी नावही कावळ्यांना भिवविणारा असंच आहे. मी काही न सांगता सोडलं म्हणून त्यांच्या मनात जागा रिकामी राहिली नाही. तिथे त्यांचाच कावळा येऊन बसला.

इथून पुढे मी प्रत्येक अडलेल्या जागेला एकच प्रश्न विचारायला लागले. वाचकाला हे कळत नाहीये, की भलतंच कळतंय? नुसतं कळत नसेल तर बहुतेक वेळा सोडून द्यावं, तो थोडा वेळ अंधारात चालतो आणि पुढे त्याला वाट सापडते. भलतंच कळत असेल तर तिथे हात घालावाच लागतो, कारण तो आत्मविश्वासाने चुकीच्या दिशेला निघालेला असतो.

सगळ्यात सोपी दुरुस्ती पहिल्याच शब्दाची निघाली. ‘दहाव्याला’चं मी ‘ऑन द टेन्थ’ केलं होतं. इंग्रजीत ती महिन्याची दहा तारीख झाली. ‘दहाव्या दिवशी’ एवढं केल्यावर निदान कशाची तरी मोजणी चालू आहे हे कळतं, आणि कशाची ते चौथ्या ओळीत म्हातारीच्या रिकाम्या खाटेचा उल्लेख येतो तिथे आपोआप जुळतं.

दुसरी जागा अशी: ‘पिंड ठेवले. सगळे मागं सरले.’ आपल्याला यात काहीच विशेष दिसत नाही. कावळ्याला जागा द्यायला माणसं मागे सरतात. इंग्रजीत मी ‘एव्हरीवन स्टेप्ड बॅक’ केलं होतं आणि आयर्लंडच्या बाईंची भीती तिथूनच सुरू झाली होती. तिथे ‘त्याला जागा द्यायला’ एवढंच घातलं, इंग्रजीत चार शब्द. त्याने कावळा नकोसा पाहुणा न राहता वाट पाहिली जाणारा झाला. श्रद्धेबद्दल अवाक्षर नाही, फक्त माणसं कुणाकडे तोंड करून उभी आहेत ते स्पष्ट झालं.

श्रद्धेचं काय करायचं, याचं उत्तर मात्र मुळातच होतं आणि मी ते झोपेत ओलांडून गेले होते. दुसऱ्या पानावर एक जाणता म्हातारा म्हणतो, ‘जीव कशात अडकलाय बघा. बोला, काय राहिलंय ते बोला.’ हा वाक्प्रचार आपल्या कानाला इतका सरावाचा की मी त्याचं ‘समथिंग इज होल्डिंग हर’ असं गुळगुळीत काहीतरी करून पुढे गेले होते. मराठीत ‘जीव’ आहे, ‘अडकणं’ आहे, आणि ते कुठल्या तरी वस्तूत किंवा माणसात अडकणं आहे. पदर काट्याला अडकावा तसं. तिसऱ्या खर्ड्यात मी ते जसंच्या तसं ठेवलं: तिचा जीव कशाला अडकलाय ते शोधा, तिला सांगा. इंग्रजीत ते जरा चमत्कारिक वाटतं, वाटू दे. पण एका पात्राच्या तोंडून, घाईत, चिडून आलेलं ते एक वाक्य माझ्या सत्तेचाळीस शब्दांचं काम करतं. वर ते दुसऱ्या पानावर येतं, म्हणजे पहिलं पानभर वाचक जरा बावरलेला राहतो. तेवढं चालतं. थोरल्या मुलालाही त्या वेळी काय करावं ते कळत नसतंच.

‘शिवणं’ मात्र हातातून गेलं. पिंडाला कावळा शिवतो, आणि पूर्वी बाई बाहेरची झाली की तिलाही कावळाच शिवायचा. ताईंनी तो दुसरा अर्थ मुद्दाम वापरलेला नाही, पण कथा सासू-सुनेची असल्यामुळे जुन्या वाचकाच्या कानात तो कुठेतरी वाजतो. इंग्रजीत साधा ‘टच’ राहिला. यावर मी दोन दिवससुद्धा घालवले नाहीत. जे लेखिकेने मांडलेलंच नाही त्याच्यासाठी वाचकाला थांबवण्यात अर्थ नव्हता.

थोरला म्हणतो, ‘सातबाऱ्यावर दोघांची बी नावं लावतो, आई.’ सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा, एकात जमीन कुणाची ते आणि दुसऱ्यात पीक काय ते. त्या वाक्याला यातलं काहीच लागत नाही. ‘जमिनीच्या कागदावर दोघांची नावं’ करून पुढे गेले.

मशेरी

शेवटची चिमूट मशेरीची आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. आपल्याकडे खेड्यातल्या कितीतरी बायकांना तिची सवय असते, आणि पुरुषांपुढे ती सवय सहसा मिरवत नाहीत. कथेत हा शब्द एकदाही येत नाही! पहिल्या पानावर इतकंच आहे: ‘दुपारी तव्यावरचा वास सुटला की सून पडवीचं दार लोटून घ्यायची.’ आणि शेवटी: ‘तिनं गाठ सोडली. चिमूटभर काळं पिंडाशेजारी ठेवलं.’

मी ताईंना विचारलं की मराठी वाचकाला तरी हे कळेल का. त्या म्हणाल्या, ‘कळणाऱ्याला कळंल.’ मी पुण्यातल्या माझ्या भाच्याला कथा वाचायला दिली. वय वर्षे बावीस, मराठी चांगलं. त्याला वाटलं, ते काळे तीळ. दहाव्याला तीळ असतात हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याची वाचायची वाटही चुकली. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. ‘मूळ वाचकाला सगळं कळतं, परक्याला काही कळत नाही’ असा जो हिशेब भाषांतर करताना आपण डोक्यात धरून बसतो तो खोटा आहे. ताईंनी मराठीतच काही वाचक मागे ठेवले होते, आणि ते जाणूनबुजून. त्या म्हातारीचं गुपित घरातल्या पुरुषांना माहीत नव्हतं. ते सगळ्याच वाचकांना एकदम कसं माहीत असेल?

म्हणून इंग्रजीतही गुपित ठेवायचं, पण शोधता येईल असं. शब्द निवडायला बसले तर सगळेच वाकडे निघाले. ‘स्नफ’ म्हटलं की नाकात ओढायची तपकीर आणि जुन्या कादंबऱ्यांतले कोटवाले गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. ‘टूथ पावडर’ म्हटलं की म्हातारी एकदम आरोग्यखात्याची होते. ‘मिश्री’ असं इंग्रजी लिपीत लिहिलं तर हिंदी जाणणाऱ्याला खडीसाखर वाटेल, आणि पिंडाशेजारी खडीसाखर ठेवणं इतकं शक्य कोटीतलं आहे की तो कधीच शंका घेणार नाही. हा शेवटचा धोका मला भारतातल्याच एका संपादकांनी दाखवला, माझ्या लक्षात आला नव्हता.

अखेर नावच टाळलं, ताईंनी टाळलंय तसं. पहिल्या पानावर वासाला तंबाखू जोडली: तव्यावर तंबाखू काळी पडत गेल्याचा वास सुटला की सून दार लोटून घेई. मुळापेक्षा हे जास्त आहे, कबूल. मुळात ‘तव्यावरचा वास’ एवढंच आहे, पण मराठीत त्या वासामागे एक ठरावीक दुपार उभी राहते आणि इंग्रजीत तव्यावरचा वास म्हणजे जेवणाचा. मधे पाचव्या पानावर म्हातारीच्या बोटाचं टोक कायम काळं असल्याचा उल्लेख मुळातच आहे. तिथे मी आधी ‘डार्क’ केलं होतं, ते बदलून ‘ब्लॅक’ केलं, म्हणजे पहिलं पान, पाचवं आणि शेवटचं अशा तीन जागी तोच शब्द आला. शेवटी फक्त ‘चिमूटभर काळं’. आयर्लंडच्या बाईंनी तिसऱ्या खर्ड्यात त्या वाक्याखाली लिहिलं: पहिल्या पानावर परत गेले. मला तेवढंच हवं होतं.

आत्या

सून सासूला ‘आत्या’ म्हणते. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘आँट’ केलं. मग वाटलं की चुकलं, कारण पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी घरांत सुना सासूला आत्या किंवा आत्याबाईच म्हणतात, नातं असो वा नसो. मामाच्या मुलीशी लग्न करायची जी रीत इथे आहे, आणि इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेच्या अभ्यासात जिची सविस्तर चर्चा केली आहे, तिच्यातून हे संबोधन आलं. ज्या घरात भावाची मुलगी सून म्हणून आली तिथे सासू खरोखरच आत्या असते; बाकीच्यांनी शब्द उचलला. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी ‘मदर’ केलं, आणि सुनेचा आवाजच गेला.

तेव्हा ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडं सगळ्याच म्हणतात. पण हिची ती खरी आत्याच.’ मी म्हटलं, कथेत कुठंय? ‘आहे की. उंबरा.’

सहाव्या पानावर सून मनातल्या मनात म्हणते, ‘आपण दोघी एकाच उंबऱ्यावनं आलोय, आत्या.’ मी त्याचं ‘ओव्हर द सेम थ्रेशोल्ड’ केलं होतं, आणि इंग्रजी वाचकाला ते ‘दोघी एकाच घरात सून म्हणून आलो’ असं ऐकू येणार होतं, कारण तिकडे नवरीला उंबऱ्यावरून आत नेतात. खरं तर मीही तसंच वाचलं होतं. ‘वनं’ म्हणजे तिथून निघून. दोघींचं माहेर एक. आत्या आधी त्या घरातून निघाली, तीस वर्षांनी भाची निघाली, आणि दोघी या घरात येऊन पोचल्या. म्हणून तर मशेरीचं गुपित सुनेकडे आहे. तिने ते लहानपणापासून, आत्या माहेरपणाला यायची तेव्हापासून पाहिलंय. हे कळेपर्यंत मी कथा अर्धीच भाषांतरित करत होते.

इथे मी स्पष्टीकरण घातलं, आणि उघडपणे घातलं. सुनेच्या पहिल्या प्रवेशाला ‘आत्या’ हा शब्द इंग्रजी लिपीत तसाच, तिरप्या अक्षरांशिवाय, आणि निवेदनात तीन शब्दांची जोड: तिच्या वडिलांची बहीण. उंबऱ्याच्या वाक्यात उंबरा सोडला आणि दार घेतलं, ‘एकाच दारातून बाहेर पडलो’ असं. उंबऱ्याची हळहळ वाटते. पण उंबरा ठेवला असता तर अर्थ उलटला असता, आणि दाराने फक्त वास कमी झाला. मराठी वाचकाला हे नातं सहाव्या पानावर उमगतं, इंग्रजी वाचकाला दुसऱ्याच पानावर कळतं. ही चोरी मी केली आहे. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

दर्भ

ज्या जागेवरून आमचं खरं भांडण झालं ती शेवटून दुसऱ्या पानावर आहे: ‘भटजींनी दर्भ हातात घेतला.’ कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि विधी उरकतात. म्हणून हे वाक्य म्हणजे कथेतलं घड्याळ आहे. आता दोन-चार मिनिटांत सगळं निकालात निघणार, म्हातारीची इच्छा तशीच राहणार, आणि कुणाला जाब द्यावा लागणार नाही. सून उतरते ती या वाक्यानंतर लगेच.

इंग्रजीत ‘पुरोहिताने थोडं गवत उचललं’ असं झालं की काहीच होत नाही. वाचकाची वाट इथे चुकत नाही, त्याला फक्त कळत नाही. माझ्याच नियमाने मी सोडून द्यायला हवं होतं. पण मग सून आत्ताच का उतरली याला कारण उरत नाही आणि तिचं उतरणं भावुक होतं. मी लिहिलं: भटजी गवताचा कावळा वळू लागले. ताई म्हणाल्या, ‘मी कावळा लिहिला नाही. नुसता दर्भ लिहिलाय. भटजी वळणार की नाही ते कुणाला ठाऊक?’ त्यांचं म्हणणं असं की त्या क्षणी भटजींचाही विचार पक्का नसेल. दर्भ हातात घेणं हा इशारा आहे, कृती नाही. मी म्हटलं, इशारा कळायला आधी कृती माहीत हवी. चार फोन झाले. शेवटी त्यांनी सुचवलं आणि मी मानलं: भटजींनी कावळा वळायला घेतात ते गवत हातात घेतलं. वाक्य जरा जड आहे. पण भटजींचा हात थांबलेला राहिला, आणि गवताचा उपयोगही कळला. छापताना संपादकांनी ते हलकं करायला सांगितलं. मी नको म्हटलं.

सगळं मिळून घातलेले शब्द मोजले तर चाळीसच्या आत आहेत. तळटिपा शून्य. त्रैमासिकाने शेवटी सात शब्दांचा कोश मागितला होता, त्याऐवजी आम्ही ‘आत्या’ सोडून बाकीचे सहा शब्दच मजकुरातून काढून टाकले.

एक जागा मात्र काही केल्या जमली नाही. सून पायऱ्या उतरायला लागते तेव्हा वरच्या पायऱ्यांवरच्या बायकांतली कुणीतरी म्हणते, ‘अगं—’. तेवढंच. त्यात धाक आहे, काळजी आहे, तू बाई आहेस याची आठवण आहे, आणि आपलेपणाही आहे, कारण परक्या बाईला कुणी ‘अगं’ म्हणत नाही. ‘गर्ल’ करून पाहिलं, ती मालकीण नोकराणीला हाक मारतेय असं वाटलं. नुसतं ‘नो’ केलं तर बाई कठोर झाली. सुनेचं नाव घालून पाहिलं, पण ताईंनी तिला नाव दिलेलंच नाही. शेवटी हाक काढली आणि लिहिलं की वरून कुणीतरी काहीतरी बोलायला गेलं आणि थांबलं. छापील अंक आल्यावर ताईंनी पहिल्यांदा तेच वाक्य शोधलं. म्हणाल्या, ‘हे ठीक आहे. पण ती कोण होती ते आता कळत नाही गं. माझ्या डोक्यात ती थोरली जाऊ होती.’ हे त्यांनी मलाही आधी सांगितलं नव्हतं.